फोटोतल्या मागच्या पाट्या

रस्त्यावर काढलेल्या फोटोत अक्षरं किती असतात, हे ती टाइप करायला बसल्याशिवाय कळत नाही. दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं, बसचा नंबर, गाड्यांच्या नंबरप्लेटी, जिन्याशी डॉक्टरांच्या वेळा, भिंतीवर निवडणुकीचा चुना, खांबावर खोलीसाठी चिकटवलेली चिठ्ठी. डोळस माणूस यातलं बहुतेक काही वाचत नाही, त्याची नजर त्यावरून नुसती फिरते. मी मात्र ते वाचते, आणि त्यातलं काय प्रतीत घ्यायचं ते ठरवते.

ही प्रत म्हणजे फोटोचं शब्दांतलं रूप. अंध वाचकांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत जुन्या फोटोंचा संग्रह संगणकावर चढवला जातो. प्रत्येक फोटोबरोबर त्याची प्रत जाते, आणि वाचक ती स्क्रीन रीडरवर ऐकतात. याआधी मी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. तिथला नियम सरळ होता: मूळ कॉपीत जे आहे ते सगळं आलं पाहिजे, काना-मात्राही सुटता कामा नये. फोटोची प्रत करायला लागल्यावर हात आपोआप त्याच सवयीने चालतो. दिसलं अक्षर की उतरव. पण फोटोला छापखान्याचा नियम लावला तर काय होतं ते ऐकणाऱ्याला विचारावं.

आमच्याकडे प्रत पुढे जाण्याआधी एक निवृत्त शिक्षक ती ऐकतात. ते जन्मांध आहेत. सगळे त्यांना सरच म्हणतात. बाजारपेठेतल्या एका फोटोची, सगळ्या पाट्या घेतलेली एक प्रत त्यांच्यापुढे लावली होती. बराच वेळ ऐकून त्यांनी कळ दाबून आवाज थांबवला.

“ताई, यात माणूस कुठे आहे हो? मी मघापासून दुकानंच ऐकतोय.”

माणूस होता. हातगाडीवर पेरू लावून फोटोच्या मधोमध उभा होता. प्रतीत तो अकराव्या पाटीनंतर येत होता.

पानावर डोळा हवा तिथून सुरू होतो आणि नको ते ओलांडून जातो. कानाला ती सोय नाही. आवाज ज्या क्रमाने येतो त्याच क्रमाने ऐकावं लागतं, आणि जे आधी व जास्त वेळ ऐकू आलं तेच महत्त्वाचं असं मन धरून चालतं. म्हणजे मागची पाटी प्रतीत घेतली की ती मागची राहत नाही. पेरूवाल्याइतकीच, कधी त्याच्याहून मोठी होते. हे एकदा लक्षात आलं की ‘सगळं द्यावं, वाचणारा हवं ते घेईल’ हा युक्तिवाद टिकत नाही. सगळं देणं हाही एक निर्णयच असतो, आणि बहुतेक वेळा आळसाचा.

उलट टोकालाही जाता येत नाही. आमच्यातल्या एका तरुण सहकाऱ्याचं म्हणणं असायचं, “मॅडम, ‘मागे दुकानांच्या पाट्या दिसतात’ एवढं एक वाक्य टाकलं की झालं.” काही फोटोंना तेवढं पुरतं. पण ‘येथे वाहने लावू नयेत’ या पाटीखाली ओळीने स्कूटर उभ्या असतील, तर पाटी गाळून फोटोत उरतं काय? तीन स्कूटर. फोटो काढणाऱ्याने कॅमेरा उचलला तो त्या पाटीसाठी. तिथे पाटी शब्दन्‌शब्द घ्यायची, आणि स्कूटरींच्या आधी घ्यायची, कारण हसू येण्याचा क्रम तोच आहे.

याउलट फ्लेक्स. आजकालच्या कुठल्याही चौकाचा फोटो घ्या, मागे वाढदिवसाचा फ्लेक्स असतोच. वर एक मोठा चेहरा, खाली शुभेच्छुकांचे पंचवीस-तीस छोटे चेहरे, प्रत्येकाखाली नाव आणि नावाखाली टोपणनाव. पुढे फुलवाली गजरे करत बसली असेल तर त्या शुभेच्छुकांची नावं कुणाला हवी आहेत? ‘तिच्या मागे वाढदिवसाच्या शुभेच्छांचा मोठा फ्लेक्स, त्यावर बरेच चेहरे’ एवढं बस्स. शुभेच्छुक रागावले तर रागावू देत.

सुरुवात कशी करावी याची आता एक पद्धत बसली आहे. फोटो आधी मोठा करायचा नाही. वाचकाला पडद्यावर ज्या आकारात दिसेल त्याच आकारात तो दोन-चार श्वास बघायचा, मग नजर बाजूला घ्यायची आणि न बघता काय वाचलं ते लिहून काढायचं. बहुतेक फोटोंत दोन किंवा तीन पाट्या निघतात. डोळस माणूस फोटोतून जेवढं वाचून जातो ते एवढंच, आणि तेवढं प्रतीत यायलाच हवं. त्यानंतर फोटो मोठा करायचा आणि कोपरान्‌कोपरा बघायचा. मोठा केल्यावर सापडलेलं अक्षर आपोआप आत येत नाही. त्याला कारण दाखवावं लागतं: त्याने फोटोचा अर्थ बदलतो का, फोटोखाली लिहिलेली माहिती त्याच्यावर टेकलेली आहे का? एरवी ते बाहेर.

हे दुसरं कारण कसं चालतं ते लॅमिंग्टन रोडच्या एका फोटोत नीट दिसतं.

एका कुटुंबाने आपल्या संग्रहातून दिलेला हा कृष्णधवल फोटो. पाठीमागे पेन्सिलने ‘पप्पा, लॅमिंग्टन रोड’ एवढंच लिहिलेलं. मधोमध तिशीतला एक माणूस, पांढरा सदरा, पँट गुडघ्याजवळ चिखलाने माखलेली, एका हातात सायकल. रस्ता ओला. मागे मिनर्व्हा टॉकीज आणि तिच्यावर ‘शोले’चं रंगवलेलं प्रचंड होर्डिंग. घरच्यांनी कळवलेलं वर्ष होतं १९७५, कारण “शोले लागला तेव्हाचा फोटो”. आई तसं सांगायची.

पहिल्या नजरेत वाचलं जातं ते अर्थातच ‘शोले’. ते तीन लिप्यांत आहे: देवनागरी, रोमन आणि उर्दू. तीनदा टाइप केलं तर स्क्रीन रीडर तीनदा वाचणार, आणि उर्दूचा आवाज वाचकाच्या संगणकावर नसला तर तिसऱ्यांदा काहीतरी भलतंच बोलणार किंवा गप्पच बसणार. म्हणून एकदा नाव, आणि ते तीन लिप्यांत आहे हे शब्दांत. दुसरी ठळक पाटी डाव्या कडेला, रेडिओच्या दुकानाची. लॅमिंग्टन रोड रेडिओच्या आणि सुट्या भागांच्या बाजारासाठी प्रसिद्ध, त्यामुळे ती तिथे शोभतेच. पण फोटोच्या चौकटीने तिची सुरुवात कापली आहे, ‘…रती रेडिओ’ एवढंच उरलं आहे.

अशा अर्धवट पाटीपुढे प्रत्येकाच्या आतला कोडं सोडवणारा जागा होतो. सहकारी म्हणाला, ‘भारती’ असणार. मी म्हटलं, ‘आरती’ का नसावं? तो म्हणाला, दुकानांना भारती जास्त शोभतं. आमचं हे चाललेलं सर ऐकत होते. “तुम्हाला दिसत नाही ते मला का सांगताय?” एवढंच त्यांनी विचारलं. प्रतीत ‘रती रेडिओ, सुरुवातीची अक्षरं फोटोच्या बाहेर’ असं गेलं. कंसात प्रश्नचिन्ह घालायची सवय छापील कामात चालते, इथे चालत नाही. एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये चौकटी कंस उच्चारलेच जात नाहीत. आपण मोठ्या सचोटीने ‘[भा]रती’ असं लिहावं आणि ऐकणाऱ्याला ठणठणीत ‘भारती’ ऐकू यावं. शंका असेल तर ती शब्दांतच सांगावी लागते.

आता फोटो मोठा केला. होर्डिंगच्या खालच्या अंगाला, उजव्या कडेजवळ, एक छोटी पाटी टांगलेली आहे. सिनेमा किती आठवडे चालला ते सांगणारी असते तशी. तिच्यावर खाली इंग्रजीत ‘वीक’ हा शब्द आहे आणि वर इंग्रजी आकडा ९. त्याच्या उजवीकडे कुणाचीतरी उघडी छत्री आडवी आली आहे. तिच्यामागे आणखी आकडा असेलही, नसेलही.

‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ला प्रदर्शित झाला आणि मिनर्व्हाला पाच वर्षं चालला. त्यामुळे त्या टॉकीजवर ‘शोले’चं होर्डिंग दिसलं म्हणून फोटो १९७५चा ठरत नाही, तो १९८० पर्यंतचा कुठलाही असू शकतो. एरवी सिनेमाचं पोस्टर म्हणजे फोटोची तारीख सांगणारी सगळ्यात भरवशाची खूण. बहुतेक पोस्टरं काही आठवड्यांत बदलायची. मिनर्व्हावरचा ‘शोले’ आणि १९९५ नंतर मराठा मंदिरवरचा ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ अशा जागी मात्र ती खूण फसवी आहे.

सगळं येऊन ठेपलं त्या छत्रीवर. पाटीवर नुसता ९ असेल तर नववा आठवडा, म्हणजे १० ते १६ ऑक्टोबर १९७५. मग घरच्यांची आठवण बरोबर, आणि ऑक्टोबरात मुंबईत एखादी सर पडून रस्ता ओला होणं काही नवल नाही. छत्रीमागे दुसरा आकडा असेल तर नव्वद ते नव्व्याण्णव यातला कुठलातरी आठवडा. नव्वदावा आठवडा सुरू झाला २९ एप्रिल १९७७ला, नव्व्याण्णवावा संपला ७ जुलैला. दोन शक्यतांमध्ये दीड वर्षाहून जास्त अंतर.

अशा वेळी अक्षराचा अर्थ बाजूला ठेवून त्याची जागा बघावी लागते. पाट्या रंगवणारे पेंटर मजकूर मधोमध आखून घेतात. खालचा ‘वीक’ शब्द पूर्ण दिसतो आहे, त्याचा मध्य काढता येतो. नऊचा आकडा त्या मध्याच्या बराच डावीकडे आहे. एकटाच नऊ असता तर तो मधोमध आला असता. म्हणजे त्याच्या उजवीकडे जोडीदार आहे. पुरावा बरा, पण पाटी वाकडी टांगलेली असू शकते, आकड्यापुढे इंग्रजी ‘टीएच’ जोडलेलं असू शकतं. एवढ्यावर कुणाच्या आईची आठवण खोडायची माझी तयारी नव्हती.

निकाल लावला तो पहिल्या फेरीत मी सरळ ‘बाहेर’ ठरवलेल्या एका गोष्टीने. टॉकीजच्या शेजारच्या भिंतीवर निवडणुकीची रंगरंगोटी आहे, पावसाने निम्मी धुतलेली. अक्षरं लागत नाहीत. पण चक्राचा गोल दिसतो आणि त्याच्या आत खांद्यावर नांगर घेतलेला शेतकरी. हे भारतीय लोकदलाचं चिन्ह. १९७७च्या मार्चमध्ये लोकसभेची निवडणूक झाली तेव्हा नव्याने जमलेल्या जनता पक्षाचे उमेदवार याच चिन्हावर उभे राहिले आणि मुंबईच्या भिंतींवर नांगरधारी शेतकरी आला. १९७५च्या ऑक्टोबरात आणीबाणी लागून साडेतीन महिने झाले होते. त्या दिवसांत मुंबईतल्या भर रस्त्यावरच्या भिंतीवर विरोधी पक्षाचं चिन्ह रंगवून कोण ठेवणार? आणि ठेवलं असतं तरी ते टिकू कोण देणार? नऊच्या पुढे आकडा आहे, हे त्या शेतकऱ्याने सांगितलं.

मग प्रतीत काय घ्यायचं? आठवड्यांची पाटी आणि भिंतीवरचं चिन्ह या दोन्ही गोष्टी वाचकाला साध्या नजरेने दिसत नाहीत. पहिल्या कसोटीवर दोन्ही बाहेर. पण फोटोखाली आता ‘मे-जुलै १९७७च्या सुमारास’ असं जाणार, आणि ते या दोघांवरच उभं आहे. डोळस वाचकाला ते खोटं वाटलं तर तो फोटो मोठा करून पडताळून पाहू शकतो, शंका काढू शकतो, आमच्याशी भांडू शकतो. अंध वाचकाला भांडायला आधार म्हणून प्रतच आहे. म्हणून ज्या पाटीवर आपण काही ठरवलं ती पाटी प्रतीत आलीच पाहिजे, आणि तिच्यातलं भोकही यायला हवं. ‘नव्वदच्या घरातला आठवडा’ असं सोयीचं लिहून चालणार नाही. नऊ दिसतो, पुढचं छत्रीआड आहे, असंच लिहायचं. अनुमान खालच्या माहितीत, दिसलेलं प्रतीत.

या फोटोत आणखी एक गंमत होती. विजेच्या खांबावर उलटा त्रिकोण रंगवलेला आहे, कुटुंबनियोजनाचा. त्या काळात वाढलेल्या कुणालाही तो लालच दिसतो. मी प्रतीत ‘लाल त्रिकोण’ असं लिहूनही टाकलं असतं, पण फोटो कृष्णधवल आहे, आणि त्यात तो काळपट करडा आहे. लाल माझ्या डोक्यातला. शिवाय या खुणेवर अक्षरच नाही, मग ती पाट्यांत मोडते का? मोडते असं माझं मत आहे, कारण १९७७ सालच्या मुंबईत ती वाचली जायची, नसबंदीच्या सक्तीनंतर तर जरा जास्तच. पण या फोटोत तिच्यावर काही टेकलेलं नाही, आणि खांब अर्धा बाहेर आहे. ती सोडली. सहकाऱ्याला हे पटलं नाही. त्याच्या मते शेतकरी घेतला तर त्रिकोणही घ्यायला हवा होता, काळ कळतो. काळ कळतो हे खरं, पण काळ कळवणाऱ्या सगळ्याच गोष्टी घ्यायच्या ठरवलं तर सदऱ्याच्या कॉलरपासून सुरुवात करावी लागेल.

राहिली डॉक्टरांची पाटी आणि गाडीचा नंबर. रेडिओच्या दुकानाशेजारी जिन्याच्या तोंडाशी एका डॉक्टरांच्या नावाची पाटी आहे, मोठी केली की नाव, पदव्या आणि वेळ सगळं वाचता येतं. पुढे एका खासगी मोटारीची नंबरप्लेटही लख्ख आहे. यावर आमच्यात जो वाद झाला तो अजून पुरता मिटलेला नाही.

माझा पहिला कल होता तो बहुतेकांचा असतो तोच: खासगी माणसांची नावं आणि नंबर प्रतीत नकोत. फोटोतलं अक्षर चित्र असतं, टाइप केलं की ते शोधता येतं. कुणीही कुणाचंही नाव टाकावं आणि आमचा फोटो पुढ्यात यावा, हे बरं नाही. सरांनी यावर सरळ बोट ठेवलं. “म्हणजे डोळसांनी वाचलं तर चालतं, मी ऐकलं तर खासगी?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं तर नाहीच आहे. फोटोत नंबर तसाच ठेवायचा आणि फक्त प्रतीतून गाळायचा, हा दुटप्पीपणा आहे. तेव्हापासून असं चालतं: नंबर किंवा नाव जपायचं असेल तर ते आधी फोटोतच पुसट करायचं, मग प्रतीत ‘नंबर पुसट केला आहे’ असं लिहायचं. दोन्ही वाचकांना सारखंच. आजच्या फोटोंना हा नियम बिनबोभाट लागतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या मोटारीचा नंबर पुसावा का, यावर मतं आहेत. जुन्या फोटोला हात लावायला माझं मन धजत नाही. तिथे मी पहिल्या कसोटीकडे परत जाते: साध्या आकारात हा नंबर वाचता येतो का? या फोटोत येत नाही. मग ‘एक मोटार’ आणि ‘डॉक्टरांची पाटी’ पुरे, डोळसालाही तेवढंच दिसतं. वाचता येत असता तर प्रश्न खरोखर अवघड झाला असता. रेडिओच्या पाटीवरचा फोन नंबरही याच न्यायाने गेला. शिवाय सलग आकडे तसेच ठेवले तर आवाज त्यांना लाखांत मोजून वाचतो, ती करमणूक वेगळी.

नंबरप्लेट गाळायची हा सरसकट कायदा मात्र करता येत नाही. कुणी पठ्ठ्या ४१४१ हा आकडा ‘दादा’ वाचला जाईल अशा वळणाने रंगवून आपल्या मोटरसायकलला टेकून उभा राहिला असेल, तर त्या फोटोत प्लेटच नायक आहे. अशा वेळी आधीची मालिकेची अक्षरं सोडून तो ‘दादा’ तेवढा घ्यायचा.

लॅमिंग्टन रोडच्या फोटोची प्रत सरांपुढे गेली ती अशी:

“ओल्या रस्त्याच्या कडेला तिशीतला एक माणूस एका हाताने सायकल धरून उभा आहे. पांढरा सदरा, पँट गुडघ्याजवळ चिखलाने माखलेली. तो कॅमेऱ्याकडे बघून ओठ मिटून हसतो आहे. त्याच्या मागे मिनर्व्हा टॉकीजची इमारत आणि तिच्यावर हाताने रंगवलेलं मोठं होर्डिंग. त्यावर ‘शोले’ हे नाव देवनागरी, रोमन आणि उर्दू लिप्यांत आहे. होर्डिंगखाली उजव्या कडेजवळ एक छोटी पाटी टांगलेली आहे. तिच्यावर इंग्रजीत ‘वीक’ हा शब्द आणि त्याच्या वर नऊ हा आकडा. नऊच्या उजवीकडचा भाग एका उघड्या छत्रीआड गेला आहे. शेजारच्या भिंतीवर पावसाने धुतलेलं निवडणुकीचं रंगकाम, त्यात चक्रात खांद्यावर नांगर घेतलेला शेतकरी ओळखू येतो, अक्षरं लागत नाहीत. डावीकडे दुकानाची पाटी: रती रेडिओ, सुरुवातीची अक्षरं फोटोच्या बाहेर. तिच्याशेजारी जिना आणि डॉक्टरांची पाटी. रस्त्यावर एक मोटार.”

माणूस आधी. मग नजर जाते त्या क्रमाने मागचं. शेवटी कडेचं. ‘लॅमिंग्टन रोड’ हे नाव प्रतीत नाही, कारण फोटोत ते कुठेही लिहिलेलं नाही. ते पाठीमागच्या पेन्सिलीत आहे, म्हणून खालच्या माहितीत गेलं, रस्त्याच्या आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग या नावासह. सरांनी ऐकून एकच बदल सुचवला. ‘ओळखू येतो’ हे वाक्यात आधी घ्या, म्हणाले, म्हणजे पुढचं किती खात्रीने ऐकायचं ते कळतं. तेवढा बदल करून प्रत पुढे गेली.

घरच्यांना तारखेचं कळवलं तेव्हा मुलीचा फोन आला. १९७७ ऐकून ती जरा थांबली आणि म्हणाली, मग त्या वेळी माझा जन्म झालेला होता. आईच्या १९७५ला तिने सोडलं नाही, खालच्या माहितीत तेही ठेवा म्हणाली. ठेवलं आहे: ‘कुटुंबाच्या आठवणीप्रमाणे १९७५.’

आमच्यासारख्यांकडे किंवा कुठल्याही संग्रहाकडे जुने फोटो देणाऱ्यांना एक सांगणं आहे. स्कॅन करताना कडा कापू नका. माणूस मधोमध यावा, फोटो ‘साफ’ दिसावा म्हणून बाजूची दुकानं, अर्धा खांब, कुणाची छत्री कापून टाकली जाते. स्टुडिओवाला विचारतही नाही. आठवड्यांची ती पाटी उजव्या कडेपासून बोटभर आत होती. पांढऱ्या किनारीसकट पूर्ण फोटो, निदान ६०० डीपीआयवर, आणि मागच्या बाजूवर काही लिहिलेलं असेल तर तिचंही वेगळं स्कॅन करून पाठवा. त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते आम्ही बघू.